डॉक्टरांस घरी बोलावताना

"डॉक्टर आता घरी येत नाहीत" ही तक्रार आमच्या नगरात घरोघरी ऐकू येते. ज्या घरात वृद्ध माणूस अंथरुणास खिळून आहे, त्या घरात ती विशेष तीव्रतेने ऐकू येते. या तक्रारीत तथ्य नाही, असे आम्ही म्हणणार नाही. दवाखान्यात रुग्णांची रांग बसलेली असता तासभर बाहेर पडणे डॉक्टरांस जड जाते, आणि अनेकांनी घरभेटी बंदच केल्या आहेत. तथापि या प्रश्नाला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती आमच्या हातची आहे. डॉक्टरांस आपण जो निरोप धाडतो तो कसा असतो? "आजी दोन दिवस बऱ्या नाहीत, जरा येऊन बघून जा." या एका वाक्यातून डॉक्टरांनी काय समजावे? आजींना सर्दी झाली आहे की त्या शेवटच्या घटका मोजीत आहेत, हे त्यातून कळत नाही. बरोबर काय न्यावे हे कळत नाही, आणि घर कोठे आहे हेही पुष्कळदा कळत नाही. असा निरोप आला म्हणजे संध्याकाळी पाहू, असे उत्तर मिळते. संध्याकाळची रात्र होते आणि रात्री धावपळ उडते.

आमचे स्पष्ट मत असे की, घरभेटीची विनंती म्हणजे केवळ बोलावणे नव्हे. ती रुग्णाची पहिली तपासणीच होय, आणि ती घरच्या माणसांना करावी लागते. त्या निरोपावरून डॉक्टरांस तीन गोष्टी ठरवावयाच्या असतात. आपण जावे की रुग्णास तडक इस्पितळात हलवावे, ही पहिली. जावयाचे तर आत्ता की दवाखाना आटोपल्यावर, ही दुसरी. पिशवीत काय घ्यावे, ही तिसरी. ज्या निरोपावरून या तीन गोष्टी ठरतात तो निरोप चांगला. बाकीचे सारे बोलणे, ते कितीही कळवळ्याचे असले तरी, व्यर्थ होय.

पहिल्या गोष्टीपासून आरंभ करू. काही प्रसंगी घरी डॉक्टर बोलावणे हाच घातक विलंब ठरतो. तोंड एका बाजूस वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळू लागले, तर तो पक्षाघात समजावा. मेंदूतील गाठ विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि ते इस्पितळाखेरीज कोठेही देता येत नाही. छातीत दाबल्यासारखे दुखून घाम सुटणे, एक वाक्यही सलग बोलता येणार नाही अशी धाप, हलवूनही जाग न येणे, थांबत नाही असा रक्तस्राव, या प्रसंगीही १०८ ला दूरध्वनी करावा. डॉक्टरांस मागाहून कळवावे. सीमेवरच्या खेड्यांत मोबाइल कधी कधी पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडतो. म्हणून १०८ ला बोलताना राज्य, तालुका आणि गाव ही प्रथम सांगावीत, गल्ली नंतर.

असा प्रसंग नसेल तर घरभेटीचा निरोप तयार करावा. येथे एक अडचण आहे. अंथरुणावरच्या वृद्धाचे दुखणे तरुणासारखे बोलके नसते. तरुणास लघवीच्या मार्गात जंतुदोष झाला तर थंडी वाजून सडकून ताप येतो. ऐंशीच्या पुढच्या माणसास तोच दोष झाला तर ताप यावयाचाच असे नाही. कित्येकदा एवढेच दिसते की, आजी कालपासून सुस्त आहेत, मधेच भलते बोलतात, घरच्याच माणसाला "कोण रे तू?" म्हणून विचारतात. घरचे लोक म्हणतात, वय झाले, आता असेच चालायचे. हाच तो घातक समज. जो गोंधळ महिन्यां-वर्षांत हळूहळू वाढला तो वयाचा असू शकेल. एका-दोन दिवसांत जो आला तो आजाराचा असतो. जंतुदोष, अंगातील पाणी कमी होणे, लघवी अडणे, बद्धकोष्ठ, रक्तातील साखर उतरणे किंवा नवे औषध, यांपैकी काहीतरी त्याच्या मुळाशी असते. म्हणून निरोपातील सर्वांत मोलाचे वाक्य "काय होते आहे" हे नव्हे. "नेहमी कशा असत आणि केव्हापासून काय बदलले" हे होय. डॉक्टर त्या रुग्णास रोज पाहत नाहीत. नेहमीची स्थिती फक्त घरच्यांनाच ठाऊक असते.

आमच्या सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. घर मराठी आणि डॉक्टर कन्नडभाषी, किंवा उलट, असे येथे नित्य घडते. पुष्कळ डॉक्टर दोन्ही भाषा कामापुरत्या बोलतात. पण "जीव घाबरा होतो", "कसंनुसं होतं", "अंग मोडून आलं", "डोकं हलकं पडलं" हे आमच्या म्हाताऱ्या माणसांचे बोल आहेत. त्यांचे नेमके भाषांतर करणे मराठी डॉक्टरांसही जड जाईल. "जीव घाबरा" म्हणजे धाप, की छातीत धडधड, की मळमळ? हे रुग्णाशेजारी बसून, "श्वास पुरत नाही का? छाती उडते का? ओकारी येते का?" असे एकेक विचारून घ्यावे आणि मग पुढे सांगावे. त्याच्या जोडीला आकडे द्यावेत. शब्दाला भाषेची सीमा असते. नाडीच्या आकड्याला ती नसते.

हे आकडे मिळविण्यास वैद्यकीचे ज्ञान लागत नाही. घड्याळ, तापमापक आणि असल्यास रक्तदाबाचे व बोटास लावावयाचे ऑक्सिजनचे यंत्र एवढे पुरे. श्वास मोजताना मात्र एक काळजी घ्यावी. "श्वास मोजतो" असे रुग्णास सांगितले की श्वासाची गती बदलते. म्हणून नाडी पाहत असल्यासारखा हात धरावा, दृष्टी पोटाच्या हालचालीवर ठेवावी आणि पूर्ण एक मिनिट मोजावे. शांत पडलेल्या प्रौढ माणसाचा श्वास साधारण १२ ते २० असतो. तो २५ च्या वर गेला तर ही गोष्ट निरोपात सर्वांत आधी सांगावी. ऑक्सिजनचे यंत्र लावताना बोट गार असेल किंवा नखावर रंग असेल तर आकडा खोटा येतो. हात चोळून ऊब आणावी, नख पुसावे, मिनिटभर थांबावे आणि स्थिरावलेला आकडा लिहावा. रक्तदाबाच्या आकड्याशेजारी नेहमीचा आकडाही लिहावा. ज्याचा दाब नेहमी १५० असतो त्याचा ११० होणे ही बातमी आहे. ज्याचा नेहमीच ११० असतो त्याच्या बाबतीत ती नव्हे.

लघवी हा विषय सांगण्यास लोक संकोचतात. परंतु अंथरुणावरच्या रुग्णाच्या बाबतीत तोच पुष्कळदा निर्णायक ठरतो. किती वेळात किती झाली, रंग कसा, गढूळ आहे काय, आणि ओटीपोट फुगून टणक झाले आहे काय, एवढे पाहावे. नळी घातलेली असेल तर ती केव्हा घातली ती तारीख सांगावी. पिशवीत काही उतरत नाही आणि ओटीपोट टणक आहे, तर नळी पिळली गेली आहे किंवा तुंबली आहे असा संशय घ्यावा. प्रथम नळी कोठे दुमडली आहे का, रुग्णाच्या मांडीखाली दाबली आहे का, पिशवी कमरेच्या पातळीखाली आहे का, हे पाहावे. तरीही उतरत नसेल तर डॉक्टरांनी नवी नळी बरोबर आणली पाहिजे, आणि तिचा आकार जुन्या नळीच्या टोकाशी छापलेला असतो. तो आकडा निरोपात सांगितला नाही तर डॉक्टर येतात, पाहतात आणि नळी आणण्यासाठी परत जातात. घरभेट फुकट जाते ती अशी.

तसेच पाठीवरच्या जखमेचे. माकडहाड, कमरेची हाडे आणि टाचा येथे सतत दाब पडून कातडी मरते. नुसती लाली आहे आणि बोटाने दाबले असता ती पांढरी होत नाही, कातडी सोलली आहे, खड्डा पडला आहे, की मध्यभागी काळे झाले आहे, हे उजेडात पाहून सांगावे. "पाठीला थोडं झालंय" या शब्दांत यांतील काहीही मावते. जखमेची रुंदी पट्टीने मोजावी. घाण वास केव्हापासून येतो तेही सांगावे.

आता हे सारे एका उदाहरणात मांडून पाहू. हे उदाहरण कोणा एका घराचे नव्हे, परंतु शहापूर-वडगावच्या जुन्या गल्ल्यांत जे राहतात त्यांना ते अपरिचित वाटणार नाही. बेळगावातील शहापुरातले माडीचे घर आहे. वर मागच्या खोलीत ८२ वर्षांच्या आजी आहेत. सकाळी ८ वाजता थोरल्या मुलाने डॉक्टरांस पुढील निरोप धाडला असे समजा.

"आईचे वय ८२, वजन अंदाजे ४५ किलो. आठ महिन्यांपूर्वी खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून अंथरुणावर आहे. मधुमेह व रक्तदाब जुने. ग्लिमेपिराईड १ मिलिग्रॅम सकाळी व अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम सकाळी चालू. आजच्या गोळ्या अद्याप दिलेल्या नाहीत. परवापर्यंत सर्वांना ओळखत होती, स्वतःच्या हाताने चहा घेत होती. काल दुपारपासून सुस्त आहे. हाक मारल्यास डोळे उघडते, पण मला ओळखत नाही. तोंड वाकडे नाही, दोन्ही हात हलविते. आज सकाळी ताप १००.४, नाडी १०४, श्वास २०, ऑक्सिजन ९५, रक्तदाब ११० वर ७० (नेहमी १४० वर ८०), साखर १६०. काल दिवसभरात दोन भांडी पाणी व चार चमचे पेज एवढेच पोटात गेले. लघवीची नळी २४ दिवसांपूर्वी बदलली, आकार १६. रात्री ८ पासून सकाळी ८ पर्यंत पिशवीत सुमारे २०० मिलिलिटर, गडद, गढूळ, वास येणारी. नळी दुमडलेली नाही, ओटीपोट मऊ आहे. माकडहाडावर ४ सेंटिमीटर रुंद जखम, मध्ये काळी, तीन दिवसांपासून वास. औषधाची कोणतीही अॅलर्जी ठाऊक नाही."

हा निरोप दीड-दोन मिनिटांत सांगून होतो. पण डॉक्टरांस त्यातून किती कळले पाहा. तोंड वाकडे नाही व हात हलतात, म्हणजे पक्षाघाताची शंका मागे पडली. ४५ किलोच्या माणसास बारा तासांत निदान २७० मिलिलिटर तरी लघवी व्हावयास हवी, कारण ताशी दर किलोस अर्धा मिलिलिटर हा ठोकताळा आहे. ती २०० झाली, म्हणजे अंगात पाणी कमी पडले आहे. पोट मऊ आहे, म्हणजे नळी तुंबलेली नाही. गढूळ लघवी, काळी जखम, थोडा ताप, उतरलेला दाब आणि नवा गोंधळ, यांवरून जंतुदोष अंगात पसरू लागला असावा आणि त्याचे मूळ नळीत किंवा जखमेत असावे, असे डॉक्टर ताडतील. आजी जेवलेल्या नाहीत हे कळल्यामुळे साखर उतरविणारी आणि दाब उतरविणारी अशा दोन्ही गोळ्या भेट होईपर्यंत थांबविण्यास ते सांगू शकतील. हा निर्णय घरच्यांनी स्वतः घ्यावयाचा नसतो; पण तो विचारून घेण्याची जबाबदारी घरच्यांचीच असते. सोळा नंबरची नळी, तपासणीस लघवी नेण्याची बाटली, सलाइन आणि जखमेचे सामान घेऊन डॉक्टर दवाखान्यापूर्वीच निघतील. आणि ते आणखी एक वाक्य सांगतील: वरचा दाब १०० च्या खाली गेला, श्वास वाढला किंवा आई हाकेला ओ देईनाशी झाली, तर माझी वाट पाहू नका, १०८ ला बोलवा. हे वाक्य त्यांनी आपण होऊन सांगितले नाही तर विचारून घ्यावे आणि कागदावर उतरवून ठेवावे.

निरोपाचा दुसरा अर्धा भाग घराच्या वाटेचा, आणि तो सर्रास विसरला जातो. आमच्या जुन्या गल्ल्या आम्हांस घरच्या अंगणासारख्या परिचित असतात, त्यामुळे परक्यास त्या भूलभुलय्यासारख्या वाटतात हे आमच्या ध्यानात येत नाही. "मारुतीच्या देवळाजवळ" हा पत्ता नव्हे, कारण मारुतीची देवळे एका पेठेत चार असतात. त्याच मुलाने पुढे असे सांगावे: "मोटार देवळाच्या कोपऱ्यापर्यंतच येते, तेथे उभी करावी लागेल. पुढे गल्ली अरुंद, दुचाकी येते; सुमारे १२० पावले चालावे लागते. माझा पुतण्या निळा सदरा घालून कोपऱ्यावर उभा राहील, त्याचा नंबर हा. दारात कुत्रा आहे, तो बांधून ठेवतो. आतल्या चौकातून लाकडी जिना, १४ पायऱ्या, उभा चढ, धरावयास दोर आहे. वरची चौकट बुटकी आहे, डोके सांभाळावे. जिन्यात मधे वळण आहे, तेथे स्ट्रेचर वळत नाही. खोलीत खाट दोन भिंतींस लागून होती, ती ओढून मधे घेतली आहे, आता दोन्ही बाजूंनी उभे राहता येते. वीज गेल्यास विजेरी आहे. सलाइन टांगण्यास भिंतीत खिळा आहे. कुशीवर वळविण्यास मी व माझी पत्नी हजर आहोत."

येथे कोणी म्हणेल, पायऱ्या मोजून काय साधणार? त्याचे उत्तर जिन्याच्या वळणात आहे. डॉक्टर आले, त्यांनी पाहिले आणि इस्पितळात हलविणे भाग आहे असे ठरविले, तर स्ट्रेचर वळणात अडकते, खाली १०८ ची गाडी उभी आणि वर चर्चा चालू, हा प्रसंग आमच्या माडीच्या घरांत नवा नाही. स्ट्रेचर वळत नाही हे आधी ठाऊक असेल तर मजबूत, हातांची खुर्ची काढून ठेवता येते, आणि रुग्णास चादरीने बांधून खुर्चीसह खाली आणण्यास चार धडधाकट माणसे गल्लीतून सांगून ठेवता येतात. १०८ च्या माणसांनाही हेच पहिल्या दूरध्वनीत सांगावे, म्हणजे तेही तयारीने येतील. शिवाय चढ उभा आहे हे कळल्यावर जड पेटी न आणता लागेल तेवढेच आणणारे डॉक्टर असतात. आणि गुडघे दुखणारे वयस्क डॉक्टर आपल्या तरुण सहकाऱ्यास धाडतात. ते न येण्यापेक्षा हे शतपट बरे.

वेळेविषयी एक शब्द. सकाळी सुरू झालेली सुस्ती रात्री दहा वाजता कळविण्याची आमची सवय वाईट आहे. दिवसभर "बघू, उतरेल" म्हणावयाचे आणि रात्री घाबरून पाच डॉक्टरांस दूरध्वनी करावयाचे, यात ना रुग्णाचे हित, ना डॉक्टरांचे. बदल दिसताच दवाखाना उघडण्यापूर्वी निरोप जावा. डॉक्टर उचलत नसतील तर लेखी धाडावा, आणि पहिल्या ओळीत "घरभेटीची विनंती, अंथरुणास खिळलेली रुग्ण, कालपासून नवा गोंधळ" असे यावे, म्हणजे मदतनीसाच्या हाती पडला तरी त्याचे महत्त्व कळेल. भेटीचे शुल्क किती, हे त्याच वेळी मोकळेपणाने विचारावे. त्यात संकोच नको. जिना उतरताना होणारी कुजबुज दोघांनाही अधिक लाजिरवाणी असते.

डॉक्टर येईपर्यंतच्या वेळातही दोन चुका घडतात. सुस्त माणसाच्या तोंडात चमच्याने चहा किंवा पेज घालणे ही पहिली. गिळण्याची शुद्ध नसताना ते फुप्फुसात उतरते आणि एका आजाराचे दोन होतात. अशा रुग्णास कुशीवर ठेवावे आणि नीट जाग येईपर्यंत काही देऊ नये. मागच्या आजारातील उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या देणे ही दुसरी. त्याने जंतू मरतातच असे नाही. लघवीच्या तपासणीत मात्र ते दिसेनासे होतात आणि योग्य औषध निवडणे कठीण होते. मागच्या इस्पितळाचे कागद, चालू औषधांची पाकिटे आणि डॉक्टरांस हात धुण्यास साबण व पाणी, एवढे खाटेशेजारी मांडून ठेवावे.

डॉक्टरांनाही आमचे दोन शब्द सांगणे आहे. आलेला प्रत्येक रुग्ण पाहण्यास डॉक्टर बांधलेले नाहीत, असे भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची आचारनियमावलीच म्हणते. पण आजारी माणसाच्या हाकेस सदैव सज्ज असावे, हेही तीच सांगते. येणे शक्य नसेल तर "पाहू" म्हणू नये. "येत नाही" हे स्पष्ट शब्द, आणि त्या भागात कोण येऊ शकेल त्याचे नाव, एवढे दिले तरी त्या घरावर उपकार होतील. "पाहू" या शब्दाने एका घराचे सहा तास जातात, आणि जंतुदोषाने ग्रासलेल्या ८२ वर्षांच्या देहाजवळ सहा तास शिल्लक असतातच असे नाही.

आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे वृद्ध माणूस आहे त्यांनी प्रसंगाची वाट पाहू नये. वय, वजन, आजार, औषधे, अॅलर्जी, नळीची तारीख व आकार, नेहमीचा रक्तदाब, आणि कोपऱ्यापासून खाटेपर्यंतची वाट, हे सारे आज रात्रीच एका कागदावर मराठीत व कन्नडमध्ये लिहून खाटेच्या वर भिंतीस चिकटवावे. प्रसंग आला म्हणजे त्यात फक्त त्या दिवसाचा बदल आणि त्या दिवसाचे आकडे भरावयाचे राहतील, आणि घरी दहा वर्षांचे पोर एकटे असले तरी तेही तो कागद दूरध्वनीवर वाचून दाखवू शकेल.